सहासष्टावी मात्रा

मशीनला माणसाची कदर नसते, असं धनश्रीचं ठाम मत झालं होतं. फोनमधलं लेहऱ्याचं ॲप तिने तीनदा काढून टाकलं आणि तीनदा परत घेतलं. चंद्रकंस रागातला लेहरा, तीनताल, सोळा मात्रा. पेटीचे तेच सूर गोल गोल फिरत राहायचे, आणि त्यावर ती बन्सीधर गुरुजींचा चक्रदार, सलग तीन फेऱ्यांत वाजायची ती रचना, वाजवायला बसली की शेवटचा धा समेवर पडायच्या ऐवजी एक मात्रा आधीच पडायचा. सम म्हणजे सोळा मात्रांच्या आवर्तनाची पहिली मात्रा. सगळी धावपळ करून तबला आणि लेहरा जिथे एकत्र येऊन टेकतात ती जागा. तिथे धनश्री एकटीच आधी पोचायची आणि लेहरा मागून सावकाश यायचा. "नाचता येईना अंगण वाकडं" हे तिने क्लासमधल्या पोरांना हजारदा ऐकवलं असेल. पण स्वतःवर पाळी आली तेव्हा तिनेही अंगणालाच नावं ठेवली.

अप्पा असते तर ही वेळ आली नसती, हे मात्र ती खरंच बोलत होती.

अप्पा म्हणजे तिचे वडील रेवणप्पा. मानवतच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत होती. सात वर्षांची धनश्री परभणीहून येणाऱ्या बन्सीधर गुरुजींकडे तबला शिकायला लागली, तेव्हा लिंगायत व्यापाऱ्याची पोरगी तबला बडवते म्हणून मोंढ्यात हसू झालं होतं. तिच्यासोबत पेटीवर लेहरा धरायला कुणी बसेना. मग चाळिशीला टेकलेल्या अप्पांनी स्वतः पेटी विकत आणली आणि गुरुजींकडून एकच एक लेहरा शिकून घेतला. त्याखेरीज पेटीवर त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. सारेगमसुद्धा विचार करून वाजवायचे. पण तो लेहरा त्यांनी छत्तीस वर्षं धरला. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की कपाळावरची विभूती तशीच ठेवून ते पेटीपुढे बसायचे आणि म्हणायचे, "धना, तू बिनघोर वाजव. मी हाय."

धनश्रीचं लग्न जमलं नाही. स्थळं यायची, तबला बघायची आणि पोहे खाऊन जायची. आई मल्लम्मा गेल्यावर घरात बाप-लेक दोघंच उरली, आणि अप्पांना समाधी देऊन आता आठ महिने झाले होते. पेटी त्यांच्या खोलीत होती. तिच्यावर घडी करून ठेवलेला पंचाही तिने हलवला नव्हता. संध्याकाळी क्लासची पोरं यायची, तेवढा तास-दीड तास घर वाजायचं. बाकी दिवसभर कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज करणारं कुणी नव्हतं. शिट्ट्याही आता दोनच लागायच्या. एका माणसाचा भात लवकर शिजतो.

अशात गुरुजींची मुलगी मंजुषा हिचा परभणीहून फोन आला. गुरुजींच्या सहाव्या स्मृतिदिनाला यंदा नुसता फोटोला हार घालायचा नाही असं ठरलं होतं. गुरुजींनी एकेका शिष्याला एकेक खास चीज दिली होती. ज्याने त्याने आपापली चीज वाजवायची. त्याचं रेकॉर्डिंग होणार होतं आणि वाजेल तसं वहीत उतरवून पुढच्या मुलांना शिकवलं जाणार होतं.

"धनाताई, तुमचा तो शेवटचा चक्रदार बाबांनी दुसऱ्या कुणालाच दिला न्हाई," मंजुषा म्हणाली. "तो तुमच्याजवळच हाय. तुमी वाजवाल तोच खरा."

धनश्रीने हो म्हटलं आणि फोन ठेवला. गुरुजी गेले, अप्पा गेले. आता तो चक्रदार बरोबर की चूक, हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. ती एक मात्रा आधी वाजवेल, तर तो चक्रदार कायमचा एक मात्रा आधीच पडत राहील.

लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. गुरुजींचा वहीवर राग होता. "कागदावर उतरलं की हातातून जातं," असं ते म्हणायचे. ते बोल तोंडाने म्हणून दाखवायचे, शिष्याने ऐकायचं, टाळी देत तसंच म्हणायचं आणि मग वाजवायचं. हा चक्रदार त्यांनी शेवटच्या हिवाळ्यात खाटेवर बसून दिला होता, दम्याने धापा टाकत. "ह्यातला हिशोब मागून सांगतो," म्हणाले होते. पण ते मागून काही आलंच नाही.

मंजुषाने पेटीच्या साथीला सुगत कांबळेची सोय केली. सुगत तिशीतला, परभणीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर. त्याच्या वडिलांची, भगवानरावांची, भीमगीतांची पार्टी होती आणि सुगत पोटात होता तेव्हापासून पेटी ऐकत होता असं लोक म्हणायचे. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर तो एसटीने मानवतला आला. स्वतःची पेटी खांद्यावरून उतरवून त्याने घाम पुसला, पाणी प्याला आणि फार न बोलता लेहरा धरला. लेहरा चांगला होता. अप्पांच्या लेहऱ्यापेक्षा कितीतरी सफाईदार, आणि त्याच कारणाने धनश्रीला परका वाटला.

तिने चक्रदार घेतला. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. शेवटचा धा पडला आणि सुगतचे सूर अजून समेच्या अलीकडेच होते.

"ताई, एक मात्रा खाल्लीत तुमी."

"तू हळू चाललास."

"मी हाय तिथंच हाय, ताई. परत घेऊ."

तीनदा घेतला. तिन्ही वेळा तेच. धनश्रीचे कान तापले. सुगतने भाता सोडला आणि जरा विचार करून म्हणाला, "तिसऱ्या फेरीतल्या तिहाईपासून सुरू करा बरं. आधीचं नको, तिथूनच."

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटच्या धाला समेवर पोचणं. तिला ती झोपेतही वाजवता आली असती. तिने हात उचलला आणि तो हवेतच राहिला. कुठून धरायचं तेच कळेना. तिने मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून पाहिलं, तिथपर्यंत पोचली, पण मधूनच थेट तिथे उतरायला काही केल्या जमेना. मग तिने "हात गार पडलेत," असं काहीतरी म्हटलं.

"तसं न्हाई, ताई," सुगत म्हणाला. तो शाळेत पोरांशी बोलतो तसंच बोलला, यात त्याचा दोष नव्हता. "तुमच्या हाताला पाठ हाय. तुमाला न्हाई. हात कसा, एक बोल संपला की पुढचा काढतो. मधून विचारलं की बोंबलतो. माझ्या बाबांचं गाणं पूर्ण कानावर हाय, एक अक्षर वाचता येत न्हाई. कोरसवाला आश्रुबा आजारी पडला की त्यांना दुसरं कडवं आठवत न्हाई, कारण त्याच्या सुरावरून ते पुढचं धरायचे. मी डोळ्यानं धरतो, मला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. अंधारात मी संपलो. पण कान, हात, डोळा, ह्यातलं एक दगा देतंच. तवा ते का तसं हाय, कुठली मात्रा कितवी हाय, एवढं डोक्यात पाहिजे. ते घाबरल्यावर बी जात न्हाई."

"मला छत्तीस वर्षं झाली वाजवायला," धनश्री म्हणाली. "माझे अप्पा धरायचे तेव्हा कधी समेवरून हलले नाही मी. एकदाही नाही. तुला साथ जमत नसंल तर तसं सांग."

सुगतचा चेहरा उतरला. त्याने पेटी पिशवीत घातली, "मोजून बघा, ताई, एवढंच म्हणतो," म्हणाला आणि चहा न घेता गेला. धनश्रीला वाईट वाटलं, पण हाक मारण्याएवढं नाही.

तो गेल्यावर मात्र शब्द घरातच राहिला. एकदाही नाही, असं ती म्हणाली होती. ते खरं होतं आणि त्याचा पुरावा तिच्याच फोनमध्ये होता. गेल्या पाच-सहा वर्षांत प्रत्येक कार्यक्रमात ती खुर्चीवर फोन टेकवून व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून ठेवायची. अप्पा गेल्यापासून तिने त्यातलं एकही उघडलं नव्हतं. मेलेल्या माणसाला हलताना बघायची तिची छाती नव्हती. पण रागाने माणसाला छाती येते. सुगतला पाठवायचं, दाखवायचं, की बघ सम कशी असते, म्हणून तिने वालूरच्या गॅदरिंगचं रेकॉर्डिंग उघडलं.

अप्पा पेटीवर होते. पांढरी टोपी, कपाळावर तीन पट्टे. ती पहिली दोन मिनिटं नुसती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मोजायचं विसरली. मग मागे नेऊन परत लावलं आणि टाळी देत मोजू लागली. चक्रदार सुरू झाला. एक आवर्तन, दोन, तीन, चार, सगळी सोळाची. पाचव्यात ती बारा, तेरा, चौदा, पंधरा करत होती तोच सम आली. तबल्याचा धा आणि पेटीचा सा एकदम. टाळ्या वाजल्या.

तिने परत लावलं. पंधरा. परत. पंधराच.

या खेपेला तिने तबल्याकडे कान दिला नाही, फक्त अप्पांकडे पाहिलं. पाचव्या आवर्तनाच्या सुरुवातीला अप्पांची नजर पेटीवरून उठून तिच्या हातांवर आली. मान किंचित हलली. आणि आवर्तनाच्या शेवटी, जिथे लेहरा दोन सुरांनी खाली उतरतो, तिथे त्यांनी एक सूर गाळला आणि अलगद समेवर येऊन बसले. ऐकणाऱ्याला कळू नये अशा बेताने.

तिने त्याआधीचं रेकॉर्डिंग शोधलं, गुरुजी गेले त्या वर्षीचं. त्यात अप्पा गडबडले होते. ती पोचली आणि ते अर्ध्या मात्रेने मागून आले. पुढच्यात ते फार आधीच घाई करून गेले. त्यानंतरच्यात जमलं. मग सगळ्यांत जमलं. ज्या माणसाला एका लेहऱ्यापलीकडे काही येत नव्हतं, त्याने म्हातारपणी एक गोष्ट नव्याने पाठ केली होती, आणि ती म्हणजे पोरीची चूक.

धनश्री रडली नाही. तिला राग आला. सांगितलं का नाही? रोज सकाळी समोरासमोर बसत होतो, एका शब्दाने बोलता आलं नसतं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून लोकांपुढे झाकायची ठीक, पण माझ्यापासून कशाला? तिने अप्पांच्या खोलीच्या दाराकडे बघून हे मोठ्याने विचारलं. मग तिला रडू आलं.

रविवारी सकाळी तिने सुगतला फोन केला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पंधराचं आवर्तन हाय. सगळीकडं."

सुगत फुशारला नाही. "तुमी परभणीला येता का?" एवढंच म्हणाला.

त्याच्या घरी ओसरीत चौकटीची वही उघडी होती. आतल्या खोलीत भगवानरावांचा खोकला आणि रेडिओ एकदमच चालू होता. सुगतने सोळा-सोळा घरांच्या पाच ओळी आखल्या आणि सहाव्या ओळीचं पहिलं घर. एकूण एक्याऐंशी घरं. "तुमी म्हणा, मी भरतो."

ती टाळी देत बोल म्हणू लागली, तो एकेका मात्रेला एकेक घर भरत गेला. पहिल्या फेरीत अकरा मात्रा बोल, मग बारावी रिकामी, तिथे काहीच वाजत नाही. मग तिहाई: चार मात्रांचा तुकडा आणि धा, असं तीनदा. सत्तावीस झाले. दुसरी फेरी तशीच, चोपन्न. तिसऱ्या फेरीत तिने अकरा मात्रा म्हटल्या आणि थेट तिहाईत शिरली. वही ऐंशीवर संपली. एक्याऐंशीवं घर, समेचं, कोरं राहिलं.

"इथं," सुगतने बोट ठेवलं. "सहासष्टावी. दोन फेऱ्यांत थांबता, तिसरीत न्हाई थांबत."

"गुरुजी पण नव्हते थांबत," धनश्री म्हणाली आणि डोळे मिटून आठवू लागली. तो हिवाळा तिच्या कानात होता. गुरुजींचं तोंड, बोल, तिसरी फेरी. अकरा मात्रा झाल्या आणि ते थांबले होते. छाती भात्यासारखी वरखाली झाली होती. मंजुषाने पाण्याचा गिलास पुढे केला होता. "थांबले होते," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं, दम लागला. मी तो त्यांचा दम म्हणून सोडून दिला."

"आता कसं कळणार? दम होता का मात्रा होती?"

हे मात्र कानाने कळणार नव्हतं. कानाने जे ऐकलं ते इमानाने ठेवलं होतं, पण त्याचा अर्थच चुकीचा लावून ठेवला होता. हाताला विचारून उपयोग नव्हता, कारण हात जे वाजतं तेवढंच लक्षात ठेवतो. जिथे काही करायचंच नाही, ती जागा हात कशाने धरणार? दोघं वहीवर वाकून बसली. मग धनश्रीने सहासष्टावं घर मोकळं सोडून पुढचं सगळं एकेक घर सरकवून लिहिलं, आणि तिहायांमधल्या सगळ्या धांभोवती लाल पेनाने गोल काढले.

ती बघतच राहिली. पहिल्या फेरीतल्या तिहाईचा पहिला धा सतराव्या घरात होता, म्हणजे समेवर. दुसऱ्या फेरीतल्या तिहाईचा दुसरा धा एकोणपन्नासाव्या घरात, तोही समेवर. आणि आता तिसऱ्या फेरीचा तिसरा धा एक्याऐंशीत, समेवर. पहिल्याचा पहिला, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा.

"फर्माईशी हाय हा," सुगत जवळजवळ ओरडला. "ताई, साधा चक्रदार न्हाई, फर्माईशी चक्रदार हाय!"

सहा वर्षं तिच्या हातात ही रचना होती आणि तिला तिचं रूपच ठाऊक नव्हतं. तिन्ही फेऱ्यांत असा क्रमाने धा समेवर आला की फर्माईशी, हे ती पोरांना फळ्यावर शिकवत होती, नि आपल्या हातात काय आहे ते तिने कधी मोजलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो असा. गुरुजी मागून सांगणार होते तो हिशोब हा होता. तो दम नव्हता, मात्राच होती.

आठ दिवस उरले होते, आणि कळणं वेगळं नि वळणं वेगळं. पहिले दोन दिवस तर सगळंच बिघडलं. मात्रा मोजत वाजवायला गेली की जिथे कधी अडली नव्हती तिथे हात अडखळू लागला. जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरणाऱ्याचं होतं तसं. लय वाढली की हात मोजणीला धाब्यावर बसवून सहासष्टावी गिळायचा. एकदा तर तिने स्वतःच्या उजव्या हातावर डाव्याने चापट मारली, आणि घरात कुणी नाही हे आठवून तिला स्वतःचंच हसू आलं.

मग तिने शहाण्यासारखं केलं. लय निम्म्याने उतरवली, कारण संथ लयीत हाताची मस्ती चालत नाही. शेवटापासून उलटं बसवलं: आधी तिसऱ्या फेरीची तिहाई, मग तिच्या मागची रिकामी मात्रा धरून, मग तिसरी फेरी, मग दुसरीपासून. कुठूनही उचलता यायला हवं म्हणून वहीत पाच ठिकाणी खुणा केल्या आणि डोळे मिटून ते पान समोर आणायचा सराव केला. पान दिसू लागलं; पाचव्या ओळीतलं दुसरं घर, पांढरं. लेहऱ्यात त्या जागी कोणता सूर येतो तो कानाने हेरून ठेवला. आणि हाताला रिकामं ठेवलं की तो पळतो, म्हणून त्याला त्या मात्रेपुरतं काम दिलं: उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचा. बसून वाजवत नसेल तेव्हा नुसती तोंडाने पढंत. परभणीच्या एसटीत पर्सवर टाळी देत ती पुटपुटत होती तेव्हा शेजारच्या सरजाबाई म्हणाल्या, "जप करायलीस का माय?" धनश्रीने हो म्हटलं.

हे सगळं तिने एकटीनेच केलं. सुगत दोनदा आला, पण बाकीचे तास तिचे होते. पूर्वी काही जमलं की अप्पांच्या खोलीच्या दाराकडे मान वळायची. "धा आला का समेवर, अप्पा?" असं विचारायची. आता जमलं हे ॲपलाही कळत नव्हतं. ते आपलं फिरत राहायचं.

स्मृतिदिनाला परभणीत शाळेचा हॉल निम्मा भरला होता. पहिल्या रांगेत गुरुजींचे जुने शिष्य मांडीवर टाळी धरून बसले होते. धनश्रीने आधी पढंत केली, टाळी देऊन, तिसऱ्या फेरीतली रिकामी मात्रा हात उघडून स्पष्ट दाखवली. मग वाजवायला घेतलं. पहिली फेरी गेली, पहिला धा समेवर, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी चमकून "अरे!" म्हटलं. दुसरी फेरी, दुसरा धा. तिसऱ्या फेरीच्या अकरा मात्रा झाल्या, आणि तिने हात मांडीवर ठेवला.

एक मात्रा कितीशी असते. पण तेवढ्यात तिला हॉल ऐकू आला, पंख्याची घरघर ऐकू आली आणि सुगतचा सूर पुढे सरकताना ऐकू आला. मग तिहाई, आणि धा. सगळे एकदम समेवर. टाळ्या बराच वेळ वाजल्या. मंजुषा रडत होती. एक म्हातारे शिष्य म्हणाले, "बन्सीधरजी फर्माईशी ठेवून गेले आणि आमाला पत्ता न्हाई! वालूरला तुमचा ऐकला होता मी, असाच सुंदर." धनश्री "हो," म्हणाली. असाच नव्हता, हे ज्याला सांगावं असा माणूस हॉलमध्ये नव्हता. सुगतला ठाऊक होतं, पण तो पेटी आवरण्यात गुंतला होता, आणि त्याला ठाऊक असून भागण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशिरा उठली. क्लासला सुट्टी दिली होती. तिने चहा केला, तबला समोर ओढला, आणि ॲपकडे न जाता वालूरचं रेकॉर्डिंग लावलं. एकदा अप्पांबरोबर वाजवावं, एवढंच मनात होतं. त्यांच्यासोबत सम घ्यायची, ती तिला ठाऊक होती तशीच. त्यासाठी एक मात्रा खायची होती फक्त, जी तिने सहा वर्षं न चुकता खाल्ली होती.

अप्पांचा लेहरा सुरू झाला. तिने त्यात हात मिळवला. फोनमधली धनश्री आणि ही धनश्री बोलाला बोल लावून चालल्या होत्या, पहिली फेरी, दुसरी फेरी, कुठे केसाचा फरक नव्हता. तिसऱ्या फेरीत तिने मनाशी घोकलं, थांबायचं नाही, थांबायचं नाही. अकरा मात्रा झाल्या आणि तिचा उजवा हात आपला आपण उठून मांडीवर जाऊन बसला.

फोनमध्ये अप्पांनी मान हलवली, एक सूर गाळला आणि त्या जुन्या पोरीला घेऊन समेवर पोचले. टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत, एका मात्रेनंतर, धनश्रीचा धा पडला.

तिने परत लावलं. मग पुन्हा एकदा. दुपारचे बारा वाजेपर्यंत ती चुकायचा प्रयत्न करत होती, पण तिला ते एकदाही जमलं नाही.